विश्लेषण : पाचशेच्या मुद्रांकावरचा करार, शिक्का, शाई आणि छापील अटी नेमके काय सिद्ध करतात?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभर आणि दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होणारी बहुतेक कामे पाचशे रुपयांवर गेली. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना पुढे यातून दिलासा मिळाला, पण खासगी करारांना पाचशेचा मुद्रांक कायम राहिला. कागद महाग झाल्यावर त्यावरचा करारही तेवढाच ‘पक्का’ झाला, असा एक समज पसरलेला दिसतो. तहसील कचेरीबाहेरच्या टेबलावर तयार झालेला असा करार आज मोबाइलवर फोटोच्या रूपात फिरतो आणि त्या एका फोटोवर लाखोंचे व्यवहार ठरतात. त्या फोटोत मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, संगणकावर टंकलेल्या अटी आणि रिकाम्या जागी पेनाने भरलेला मजकूर असे तीन थर एकत्र दिसतात. प्रत्यक्षात ते तीन वेगळ्या हातांनी, तीन वेगळ्या वेळी उमटलेले असतात. ते कोणत्या क्रमाने उमटले, यावर कराराचे भवितव्य ठरते.

मुद्रांकाचा अर्थ काय?

मुद्रांक म्हणजे दस्तावर भरलेला कर. बोलीभाषेत ज्याला ‘बाँड’ म्हणतात, तो कागद करारातील मजकूर खरा असल्याची हमी देत नाही, विकणारा मालक आहे हेही सांगत नाही. ठरावीक रकमेचे मुद्रांक शुल्क सरकारजमा झाले, एवढेच तो दाखवतो. मात्र हा कर भरलेला नसेल किंवा कमी भरला असेल, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ नुसार तो दस्त न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. त्यामुळे मुद्रांकाने करार पक्का होत नसला, तरी मुद्रांक चुकला तर करार न्यायालयाच्या दारातच अडतो.

याच कलमात राज्याने एक अट घातली आहे, ती अनेकांना ठाऊक नसते. मुद्रांक कागद करारातील दोन पक्षकारांपैकी एकाच्या नावाने विकत घेतलेला असावा लागतो. मध्यस्थाने किंवा दस्तलेखकाने स्वतःच्या नावावर घेऊन ठेवलेला कागद पुढे केला, तर रक्कम बरोबर असूनही हरकत घेता येते. कोणी दुसरा कागद आणायला गेला असेल, तर त्याचे नाव ‘हस्ते’ या रकान्यात येते. खरेदीदार म्हणून मात्र पक्षकाराचेच नाव लागते.

विक्रेत्याचा शिक्का काय सांगतो?

परवानाधारक मुद्रांक विक्रेता कागद देताना त्यावर एक ठरावीक तपशील भरतो. विक्री नोंदवहीचा अनुक्रमांक, तारीख, दस्ताचा प्रकार, मिळकतीचे थोडक्यात वर्णन, कागद घेणाऱ्याचे नाव व सही, दुसऱ्या पक्षकाराचे नाव, हस्ते असल्यास त्याचे नाव, शुल्काची रक्कम आणि शेवटी विक्रेत्याची सही, परवाना क्रमांक व विक्रीचे ठिकाण. ज्या कारणासाठी मुद्रांक घेतला त्याच कारणासाठी तो सहा महिन्यांत वापरणे बंधनकारक असल्याची ओळही त्याखाली छापलेली असते.

हा शिक्का एकाच गोष्टीचा पुरावा आहे. अमुक तारखेला अमुक माणसाला हा कोरा कागद विकला, हीच ती गोष्ट. त्यानंतर त्यावर काय लिहिले गेले, याच्याशी विक्रेत्याचा संबंध नसतो. पण ती तारीख फार उपयोगाची असते. कागदावर कोषागारातून विक्रेत्याकडे गेल्याची मोहोर असेल, तर तिची तारीख सर्वांत आधीची हवी. नंतर विक्रीची तारीख, मग कराराची, मग नोटरीची किंवा नोंदणीची. या साखळीत कुठलीही तारीख आपल्या आधीच्या टप्प्याच्या मागे जात असेल, तर कागदावर मागची तारीख घातल्याचा संशय घ्यायला जागा आहे. १० मार्चचा करार आणि १२ मार्चला विकलेला मुद्रांक, ही विसंगती फोटोतही पकडता येते. संशय आल्यास विक्रेत्याच्या नोंदवहीतील त्या अनुक्रमांकाची नोंद न्यायालयात मागवता येते.

सहा महिन्यांच्या नियमाबाबत एक गोंधळ आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका विक्री कराराच्या प्रकरणात जुना मुद्रांक वापरला म्हणून करार आपोआप अवैध ठरत नाही, असे सांगितले. त्या प्रकरणात १९८० सालच्या कराराला १९७३ आणि १९७८ साली विकलेले दोन कागद वापरले होते. मात्र तो निकाल केंद्राच्या १८९९ च्या मुद्रांक अधिनियमावर आहे. महाराष्ट्राच्या अधिनियमात कलम ५२ ब स्वतंत्रपणे आहे आणि त्यानुसार खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक निरुपयोगी ठरतो. त्यामुळे तो निकाल दाखवून राज्यात जुना कागद खपवता येईल, असे गृहीत धरू नये.

टंकलेल्या अटी कुठून येतात?

दस्तलेखकाच्या संगणकात साठेखत, इसार पावती, भाडेकरार, हातउसने अशा दस्तांचे साचे तयार असतात. ‘लिहून घेणार’, ‘लिहून देणार’, ‘कारणे साठेखत लिहून देतो ऐसाजे’, ‘सदरहू मिळकतीवर कोणताही बोजा नाही’ ही वाक्ये दर दस्तात तीच असतात. घाईच्या दिवशी पूर्ण मसुदा टंकण्याऐवजी साचा तसाच छापला जातो. नावे, गट क्रमांक, रक्कम, मुदत आणि तारीख यांच्या जागी टिंबटिंब राहतात, ती मग पेनाने भरली जातात.

यात बेकायदा काही नाही. करार हाताने लिहिलेला, टंकलेला किंवा अर्धा-अर्धा असू शकतो. अडचण वेगळी आहे. टंकलेला भाग शेकडो दस्तांत सारखा असतो, तर त्या दोन माणसांमध्ये जे खरोखर ठरले ते फक्त पेनाने भरलेल्या जागांत असते. म्हणजे कराराचा गाभा हा त्याचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग ठरतो.

रिकामी जागा भरली नाही तर?

भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ९६ यावर स्पष्ट आहे. दस्ताची भाषा वरकरणीच संदिग्ध किंवा अपुरी असेल, तर तिचा अर्थ लावण्यासाठी बाहेरचा पुरावा देता येत नाही. जुन्या पुरावा अधिनियमात हाच नियम कलम ९३ मध्ये होता आणि त्याखाली उदाहरणच असे दिले होते की दस्तात रिकाम्या जागा असतील, तर त्या कशा भरायच्या होत्या हे सांगणारा पुरावा चालणार नाही. ‘आमचे तोंडी सहा महिने ठरले होते’ असे म्हणून साक्षीदार उभे केले, तरी मुदतीपुढची टिंबे त्यांच्या जबानीने भरून निघत नाहीत.

आणि सह्या झाल्यावर, दुसऱ्या पक्षाला न सांगता जागा भरली तर? रक्कम, मुदत, मिळकतीचे वर्णन अशा महत्त्वाच्या बाबीत संमतीशिवाय नंतर केलेला बदल हा दस्तातील मूलभूत फेरफार मानला जातो. ज्याने तो केला, त्याला त्या दस्ताच्या आधारे हक्क मागता येत नाही. धनादेशाबाबत कायदा कोऱ्या, सही केलेल्या कागदातील रक्कम भरण्याचा अधिकार धारकाला देतो. ती सवलत साठेखताला किंवा इसार पावतीला लागू नाही. म्हणून जागा न भरलेली असो वा उशिरा भरलेली, तोटा होतोच. त्या सहीपूर्वी आणि दोघांसमोर भरल्या गेल्या पाहिजेत.

नोंदणी कार्यालयात याची तपासणी होते. नोंदणी अधिनियमाच्या कलम २० नुसार ओळींमध्ये घुसवलेला मजकूर, रिकामी जागा, खाडाखोड किंवा बदल असेल, तर त्या प्रत्येक ठिकाणी लिहून देणाऱ्याची सही किंवा आद्याक्षरे नसल्यास दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतो. स्वीकारला, तर त्या बदलांची नोंद तो नोंदवहीत करतो. नोटरीकडे दस्त नेल्याने ही तपासणी झाली असे होत नाही. नोटरी केलेला दस्त म्हणजे नोंदणीकृत दस्त नव्हे.

एका कराराचे उदाहरण

नेहमी दिसणारा एक नमुना घेऊ. तालुक्याच्या गावालगतचा दोन गुंठ्यांचा अकृषिक भूखंड, ठरलेली किंमत सहा लाख रुपये. पाचशेच्या मुद्रांकावर साठेखत झाले, नोटरीचा शिक्का बसला, नोंदणी झाली नाही. खरेदीदाराकडे मूळ कागद नाही, मोबाइलमध्ये फोटो आहे. मूळ कागद विकणाऱ्याने ‘बँकेत दाखवायचा आहे’ म्हणून ठेवून घेतला. फोटोत टंकलेल्या चौथ्या कलमात लिहिले आहे, ‘मिळकतीचा ताबा खरेदीखताचे वेळी देण्यात येईल.’ शेवटच्या पानावर मात्र निळ्या शाईत भरले आहे, ‘ताबा आज रोजी दिला.’ इसाऱ्याच्या जागी ‘रोख २,००,०००’ असे आहे. खरेदीखताच्या मुदतीची जागा कोरी आहे.

पहिला प्रश्न ताब्याचा. टंकलेले आणि हाताने लिहिलेले परस्परविरोधी असेल, तर अर्थ लावताना हाताने लिहिलेल्या शब्दांना अधिक वजन देण्याची रीत आहे. कारण साचा सर्वांसाठी असतो आणि हाताचे अक्षर या व्यवहारासाठी खास लिहिलेले असते. पण त्यासाठी ते सहीपूर्वीचे आहे हे पटायला हवे. शेजारी दोघांची आद्याक्षरे असतील, अक्षर आणि शाई इतर भरलेल्या जागांसारखीच असेल, तर ते सोपे जाते. अक्षर वेगळे, ओळ दाटीने कोंबलेली आणि आद्याक्षरे नाहीत, अशी स्थिती असेल तर दस्तलेखकालाच साक्षीला बोलवावे लागते. कोणती जागा कधी भरली, हे सांगू शकणारा तो बहुधा एकमेव त्रयस्थ असतो.

आता समजा, न्यायालयाने निळी शाई मान्य केली. खरेदीदाराला ही जीत वाटेल, पण त्यातून मुद्रांकाचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात ताबा देऊन केलेले साठेखत मुद्रांक शुल्कासाठी खरेदीखतच मानले जाते आणि त्यावर पूर्ण शुल्क लागते. त्या भागाचा दर पाच टक्के आणि बाजारमूल्यही सहा लाखच धरले, तर शुल्क होते ३०,००० रुपये. भरले ५००. म्हणजे २९,५०० कमी पडले. त्यावर दंड दरमहा दोन टक्के, म्हणजे ५९० रुपये. वाद तीन वर्षांनी न्यायालयात आला, तर ३६ महिन्यांचे २१,२४० रुपये. एकूण ५०,७४० रुपये भरल्याशिवाय तो दस्त पुराव्यात येणार नाही. हा दंड कमी पडलेल्या शुल्काच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. ‘ताबा आज रोजी दिला’ या चार शब्दांनी पाचशेचा दस्त तीस हजारांचा केला.

ताबा मिळाल्याचे संरक्षणही या खरेदीदाराला मिळत नाही. साठेखतानुसार ताब्यात असलेल्या माणसाला हुसकावता येऊ नये, यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात कलम ५३ अ आहे. पण २००१ च्या दुरुस्तीनंतर त्याचा आधार घ्यायला साठेखत नोंदणीकृत असावे लागते. नोंदणी नसलेले साठेखत खरेदीखत करून मिळण्याच्या दाव्यात करार झाल्याचा पुरावा म्हणून दाखवता येते, ताब्याची ढाल म्हणून नाही.

दुसरा प्रश्न कोऱ्या मुदतीचा. खरेदीखत करून मागण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत करावा लागतो. तारीख ठरलेली नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षे मोजतात. इथे मुदतच कोरी आहे, त्यामुळे नकार नेमका केव्हा कळला, यावरच निम्मा खटला खर्च होईल. विकणारा म्हणेल, मी तर दुसऱ्याच वर्षी फोनवर नाही म्हटले होते. ‘सहा महिने’ एवढे दोन शब्द जागेवर असते, तर हा वाद उद्भवलाच नसता.

तिसरा प्रश्न रोख रकमेचा. स्थावर मिळकतीसाठी २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने आगाऊ घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निर्देश दिला. एखाद्या दाव्यात व्यवहारापोटी दोन लाख किंवा अधिक रक्कम रोख दिल्याचे म्हटले असेल, तर न्यायालयाने त्याची माहिती प्राप्तिकर विभागाला कळवावी. म्हणजे या खरेदीदाराने दावा दाखल करताच इसाऱ्याची ओळ दोघांनाही अडचणीत आणेल. रक्कम बँकेमार्फत दिली असती आणि हाताने भरलेल्या जागेत धनादेशाचा किंवा व्यवहाराचा क्रमांक असता, तर ती ओळ पेनाची असूनही बँकेच्या नोंदीने तिला दुजोरा मिळाला असता.

फोटो पुरावा म्हणून चालेल का?

मूळ कागद हरवला किंवा समोरच्याने दडवला, तर प्रतीचा दुय्यम पुरावा देता येतो. त्यासाठी मूळ दस्त होता, तो का आणता येत नाही आणि प्रत कशी निघाली, हे आधी सिद्ध करावे लागते. इथे मूळ कागद विकणाऱ्याकडे असल्याने तो हजर करण्याची नोटीस त्याला द्यावी लागेल. खरी अडचण मुद्रांकाची आहे. मूळ दस्तावर शुल्क कमी असेल, तर न्यायालय तो जप्त करून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू शकते आणि शुल्क व दंड भरून तो वापरता येतो. छायाप्रतीला मात्र हा रस्ता नाही. २००७ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपुऱ्या मुद्रांकाच्या दस्ताची छायाप्रत जप्त करून, दंड भरून नियमित करता येत नाही आणि ती दुय्यम पुरावा म्हणूनही घेता येत नाही. आपल्या उदाहरणातील खरेदीदाराचा दस्त नेमका असाच आहे. तो पन्नास हजार भरायला तयार असला, तरी ज्या कागदावर ते भरायचे तोच त्याच्याकडे नाही.

फोटोत आणखी काही गोष्टी हरवतात. पेनाचा दाब, दोन शायांमधला फरक, सहीच्या रेषेवरून अक्षर गेले की अक्षरावरून सही, हे मूळ कागदावर तज्ज्ञाला तपासता येते, फोटोत नाही. मुद्रांकाची मागची बाजू आणि आतली पाने तर अनेकदा फोटोत घेतलेलीच नसतात. पहिल्या पानावरच मुद्रांक असतो, पुढची पाने साध्या कागदाची असतात. त्या पानांवर सह्या नसतील, तर मधले पान बदलले गेले नाही हे सिद्ध करणे कठीण जाते.

मग करार हातात आला की काय पाहावे?

आधी कागद उलटून विक्रेत्याचा तपशील वाचावा. नाव पक्षकाराचे आहे का, दस्ताचा प्रकार तोच लिहिला आहे का, विक्रीची तारीख कराराच्या आधीची आणि सहा महिन्यांच्या आतली आहे का, हे तिथेच कळते. मग हाताने भरलेली प्रत्येक जागा टंकलेल्या अटींशी ताडून पाहावी, विशेषतः ताबा, मुदत आणि रक्कम. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही असावी. जी जागा लागू नाही तिच्यावर आडवी रेघ मारावी, टिंबे तशीच सोडू नयेत. भरलेल्या आणि रेघ मारलेल्या प्रत्येक ठिकाणी दोघांची आद्याक्षरे आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. दस्तलेखकाचे नाव व सही शेवटी असावी. हे सगळे टेबलावरून उठण्यापूर्वी व्हायला हवे. नंतर केलेली दुरुस्ती ही नंतरचीच दिसते.

जमिनीच्या व्यवहारात यापुढेही एक पायरी आहे. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येते. नोंदवले की सूची क्रमांक दोनमध्ये व्यवहार दिसू लागतो आणि त्याच भूखंडासाठी दुसऱ्याकडून इसारा घेणे विकणाऱ्याला अवघड होते. शिवाय दस्ताची प्रमाणित प्रत कार्यालयातून कधीही मिळते, त्यामुळे मूळ कागद कोणाकडे आहे यावर सगळे अवलंबून राहत नाही. नोंदणी न केलेल्या पाचशेच्या करारात मात्र विक्रेत्याच्या वहीतील ती एक नोंद वगळता दोन्ही पक्षांच्या हातांबाहेर फारसे काही राहत नाही, आणि त्या नोंदीतून कागद कोणी व कधी घेतला एवढेच कळते.